कोकम सिरपची बाटली किचनच्या फोटोत बसवताना लोगो, आकार आणि रंग कसे जपायचे

प्रश्न: आमचं घरगुती कोकम सिरप आहे, ७०० मिलीची काचेची बाटली, क्रीम रंगाचं लेबल, त्यावर हिरवा लोगो. पांढऱ्या कागदावर काढलेला बाटलीचा फोटो मी पुण्यातल्या मामेबहिणीच्या किचनच्या फोटोत फोटोशॉपने टाकला. पण चिकटवल्यासारखी दिसते. जुळवायला वॉर्प केलं तर लोगो वाकडा झाला, वॉर्म फिल्टर टाकला तर लेबल पिवळं आणि सिरप तपकिरी दिसायला लागलं. लोगो, आकार आणि खरा रंग तसाच ठेवून हे कसं करायचं? दोन्ही फोटो आणि मी केलेलं जोडलंय.

उत्तर:

तिन्ही फोटो नीट बघितले. तुमचं कटिंग वाईट नाहीये, मेहनत दिसते, पण गडबड त्याच्या आधीच झालीये. तुम्ही प्रत्येक वेळी बाटलीला सीनसारखं करायला गेलात. अँगल जुळेना म्हणून बाटली वाकवली, उजेड जुळेना म्हणून बाटली पिवळी केली. पण ज्या एका गोष्टीला हात लावायचा नाही ती बाटलीच आहे ना, मग बदलायचं ते बाकीचं सगळं. मी चौदा वर्षं प्रॉडक्टचे फोटो काढतेय, त्यात बरीचशी घरगुती खाण्याच्या वस्तूंची कामं आहेत, आणि माझ्याकडे एकच नियम आहे, प्रॉडक्टचा लेयर एकदा बरोबर केला की त्याला कुलूप, त्यानंतर सीन हलवायचा, सीनचा रंग बदलायचा, गरज पडली तर सीन पुन्हा काढायचा.

तुमच्या बाबतीत सीन पुन्हा काढणं शक्य आहे कारण किचन बहिणीचंच आहे, म्हणून मी तोच रस्ता सांगतेय. विकत घेतलेला स्टॉक फोटो असता तर उलटं करावं लागलं असतं, म्हणजे सीनचा अँगल मोजून बाटली त्या अँगलने पुन्हा काढायची. आणि वस्तू चकचकीत स्टीलची असती, डबा किंवा तांब्या, तर मी सरळ सांगितलं असतं की जोडकाम करू नका, तिथेच नेऊन काढा, कारण स्टीलमध्ये अख्खी खोली दिसते आणि ती खोटी बनवणं फार अवघड. खरं तर काचेची बाटलीसुद्धा तिथे नेऊन काढणं सगळ्यात सोपं. पण तुम्ही तिकडे, किचन पुण्यात, आणि उद्या दुसऱ्या फ्लेवरचं लेबल आलं की परत तेच काम, त्यामुळे जोडकाम शिकून घेणं तुमच्या उपयोगाचं आहे.

आधी आकार. वॉर्प का करावंसं वाटलं हे समजून घ्या. गोल वस्तू वरून बघितली की तिचा गोल दबून लंबगोल दिसतो, जितकं वरून बघाल तितका तो लंबगोल उघडतो, आणि समोरून बघितलं तर तो जवळजवळ रेघ होतो. हे मोजता येतं. लंबगोलाची उंची भागिले रुंदी केली की जो आकडा येतो तो म्हणजे कॅमेरा किती अंश वरून बघतोय त्याचा साइन. तुमच्या बाटलीच्या झाकणाचा वरचा गोल मी मोजला, रुंदी १८० पिक्सेल, उंची १४, म्हणजे ०.०७८, म्हणजे साधारण साडेचार अंश. जवळजवळ समोरूनच काढलाय तुम्ही. आता किचनच्या फोटोत ओट्यावर जी ताटली आहे तिची रुंदी ६२० आणि उंची ३००, म्हणजे ०.४८, म्हणजे २९ अंश. बहिणीने उभ्याने, खाली बघत काढलाय. साडेचार अंशाची बाटली २९ अंशाच्या ओट्यावर कधीच उभी राहणार नाही, ती मागे रेलल्यासारखी किंवा हवेत तरंगल्यासारखी दिसणार. डोळ्याला कारण कळत नाही पण खोटं आहे हे लगेच कळतं. आणि वॉर्पने हा फरक भरून निघत नाही कारण २९ अंशावरून झाकणाचा जो वरचा भाग दिसायला हवा तो तुमच्या फोटोत मुळात नाहीच, त्यामुळे तुम्ही लेबल ओढत बसता आणि लोगो वाकतो.

मग कुठला अँगल धरायचा? इथे लोगोचा विचार करा. २९ अंशावरून बघितलं तर उभ्या लेबलची उंची १२-१३ टक्के दबून दिसते, अक्षरं बसकी होतात. ते खोटं नाही, डोळ्यालाही तसंच दिसतं, पण ज्याने तुमचा लोगो आधी बघितलेला नाही त्याला तो बसकाच लक्षात राहणार. १२ अंशावर हीच दाब फक्त दोन टक्क्यांच्या आसपास असते, लोगो जवळपास जसाच्या तसा, आणि ओटाही थोडा दिसतो त्यामुळे बाटली कुठे उभी आहे ते कळतं. म्हणून लेबल असलेल्या उभ्या वस्तूंना मी १० ते १५ अंश धरते, तुम्ही १२ धरा, आणि बाटली आणि सीन दोन्ही १२ वरच काढा.

हे प्रत्यक्षात कसं करायचं तर असं. मोबाइल ट्रायपॉडवर लावा, जिथे बाटली उभी राहणार तिथून आडवं अंतर १.३ मीटर ठेवा, आणि कॅमेरा बाटलीच्या मध्यापेक्षा २८ सेंटिमीटर वर. तुमची बाटली साधारण २७ सेंटिमीटर उंच असेल तर तिचा मध्य ओट्यापासून साडेतेरा वर येतो, म्हणजे कॅमेरा ओट्याच्या वर ४१-४२ सेंटिमीटर. मोबाइल बाटलीच्या मध्यावर रोखा. बहिणीला हेच आकडे पाठवा आणि तुम्हीही घरी टेबलावर तेवढंच ठेवा. अंतर दोघींचं सारखं असणं फार महत्त्वाचं आहे, कारण पर्स्पेक्टिव्ह अंतरावर ठरतं, लेन्सवर नाही. तुम्ही जर हातभर अंतरावरून काढलं तर बाटलीचा जवळचा भाग फुगणार आणि बूड निमुळतं होणार, मग अँगल बरोबर असूनही आकार चुकणार. १.३ मीटरवरून बाटली लहान दिसते हे खरं, म्हणून मोबाइलला दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, पण पुढे सरकू नका. फोटो आल्यावर ताटलीवर तपासा. ताटली ओट्यावर, म्हणजे बाटलीच्या मध्यापेक्षा खाली असते, त्यामुळे ती १२ नाही तर साधारण १८ अंशावरून दिसते, म्हणून बाटलीच्या जागेपाशी ठेवलेल्या ताटलीची ६२० रुंदीला उंची १९० च्या आसपास आली की काम झालं. दहावीस पिक्सेल इकडेतिकडे चालतं, ताटली फ्रेममध्ये पुढे मागे असली की तेवढा फरक पडतोच.

आता या सगळ्यातली सगळ्यात कामाची युक्ती, जी मला स्वतःला खूप उशिरा सुचली. बहिणीला सांगा की ओट्यावर तुमच्या बाटलीएवढी कुठलीही काचेची बाटली उभी करायची, लेबल काढून, आणि ट्रायपॉड न हलवता दोन फोटो काढायचे, एक बाटलीसकट आणि एक बाटली उचलून रिकाम्या ओट्याचा. मी याला डमी म्हणते. हिच्यामुळे तुमचे चार प्रश्न एकदम सुटतात, बाटली किती मोठी दिसायला हवी, नेमकी कुठे टेकायला हवी, सावली कुठे आणि किती गडद पडते, आणि काळ्या ग्रॅनाइटमध्ये तिचं प्रतिबिंब कसं दिसतं. हे सगळं हाताने रंगवायला लोक तासन्‌तास घालवतात आणि तरी ते खोटं दिसतं. तुम्ही फक्त तुमची बाटली डमीच्या बरोबर वर ठेवायची, खालची सावली खरीच असणार. डमी तुमच्या बाटलीपेक्षा कणभर बारीक असलेली चांगली म्हणजे ती पूर्ण झाकली जाते, आणि कुठे कडेने डोकावलीच तर तेवढ्या जागेवर मास्क लावून रिकाम्या ओट्याचा फोटो दाखवायचा.

डमीत पाणी भरू नका हां. साधं पाणी असलेल्या बाटलीतून उजेड आरपार जातो आणि ओट्यावर पांढरी चमकदार पट्टी पडते, कोकमच्या बाटलीची सावली तशी पडत नाही, ती गडद असते आणि कडेला थोडी लालसर. बहिणीकडे तुमचंच सिरप असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर बीट उकडलेलं पाणी भरा, ते जवळ जातं. मी एकदा घाईत चहाचं काळं पाणी भरलं होतं तर सावलीच्या कडेला तपकिरी छटा आली आणि बाटली लाल, ते शेवटपर्यंत खटकत राहिलं, परत काढावं लागलं.

उजेडाची दिशा. बहिणीच्या फोटोत खिडकी उजवीकडे आहे आणि तुमच्या बाटलीवर चमकेची उभी पट्टी डावीकडे आहे. अशा वेळी सगळ्यांना पहिली गोष्ट सुचते ती म्हणजे बाटली आडवी फ्लिप करायची, आणि मग लोगो उलटा, की मग फक्त लेबल परत सरळ करून चिकटवायचं, की मग लेबलवरचा उजेड उलट्या बाजूचा. तो रस्ताच नको. तुम्ही परत काढणारच आहात तर टेबल असं लावा की खिडकी तुमच्याही उजव्या हाताला येईल, तिच्या खिडकीसारखीच, थोडी मागच्या बाजूला. ते जमतच नसेल तर किचन फ्लिप करा, बाटली नाही. फक्त किचन फ्लिप करताना भिंतीवरचं कॅलेंडर, घड्याळ, डब्यांवरची नावं, गॅसच्या शेगडीवरची कंपनीची अक्षरं हे सगळं आधी फ्रेममधून काढायला सांगा, नाहीतर मराठी कॅलेंडर उलटं छापलेलं कोणीतरी झूम करून बघतंच.

अजून एक, बाटलीच्या मागे अगदी जवळ पांढरा कागद लावला होतात ना, त्याने काचेच्या दोन्ही कडांना पांढरी किनार आलीये. मागे पांढरं असलं की ते काचेच्या कडेतून वळून पुढे येतं, आणि गडद किचनमध्ये ठेवल्यावर तीच किनार कापून चिकटवल्यासारखी दिसते. तुमच्या फोटोत 'चिकटवलंय' वाटण्याचं अर्ध कारण हेच आहे. मागे मधल्या राखाडी रंगाचा कागद किंवा कापड लावा, बाटलीपासून निदान अर्धा मीटर लांब.

आता रंग, आणि इथे जरा सावकाश जाऊ, कारण तुमच्या वस्तूत रंग चुकणं महागात पडतं. कोकम जुनं झालं किंवा जास्त तापलं की त्याचा लाल तपकिरीकडे झुकतो हे घेणाऱ्याला माहीत असतं, कोकणातल्या गिऱ्हाइकाला तर नक्कीच. म्हणजे वॉर्म फिल्टरने तुम्ही नकळत ताज्या सिरपला जुनं करून दाखवताय. माझं असंच एक काम होतं, एका ताईंचं आमसुलाचं सरबत, मी संध्याकाळच्या सीनला जुळवायला बाटली पिवळसर केली, फोटो सुंदर दिसत होता, आणि त्यांना लोकांचे मेसेज आले की हा मागच्या वर्षीचा माल आहे का. तेव्हापासून मी सीनच्या रंगासाठी प्रॉडक्टचा रंग हलवत नाही.

खरा रंग पकडण्याचं काम बाटली काढतानाच होतं, नंतर नाही. घरातले सगळे दिवे बंद, फक्त खिडकीचा उजेड, थेट ऊन नको. ट्यूब आणि खिडकी दोन्ही चालू असतील तर बाटलीची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या, ते नंतर कोणालाही दुरुस्त करता येत नाही. एक ग्रे कार्ड घ्या, फोटोच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं, आणि पहिला फोटो कार्ड बाटलीला टेकवून काढा, मग कार्ड काढून घ्या आणि तसाच दुसरा. कार्डाऐवजी झेरॉक्सचा पांढरा कागद चालेल का असं सगळे विचारतात, तर नाही, त्या कागदात चमक आणणारं रसायन असतं त्याने तो खिडकीच्या उजेडात निळसर होतो, आणि त्यावर व्हाइट बॅलन्स केला की तुमचं क्रीम लेबल पिवळं पडतं. मोबाइलमध्ये रॉ फॉरमॅट असेल तर त्यात काढा, आणि फूड मोड, व्हिव्हिड, ऑटो एन्हान्स असलं काही चालू नको, हे मोड लाल रंगाला फार भडक करतात.

मग कॅमेरा रॉमध्ये व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने कार्डावर क्लिक करायचं, R, G, B तिन्ही आकडे दोनतीनच्या फरकात आले पाहिजेत, आणि तीच सेटिंग बिनकार्डाच्या फोटोला लावायची. लेबलचा क्रीम भाग उजेडाने फाटलेला नाही ना तेही बघा, तिथले आकडे २४५ च्या खाली असू द्या. त्यानंतर खरी बाटली हातात घेऊन खिडकीपाशी उभं राहा आणि स्क्रीनशी ताडून बघा, मोबाइलवर बघत असाल तर नाइट मोड आणि स्क्रीनचा रंग आपोआप बदलणारी सेटिंग बंद करून. हा एकच क्षण आहे जिथे बाटलीच्या रंगाला हात लावायची परवानगी आहे. जुळलं की संपलं.

आता हा रंग पुढे हललाय की नाही हे डोळ्याने ठरवू नका. डोळा शेजारच्या रंगाने फसतो, हिरव्या भिंतीसमोर तोच लाल जास्त लाल वाटतो, केशरी डब्याशेजारी मळकट वाटतो, आणि आपण नसलेली चूक दुरुस्त करायला जातो. फोटोशॉपमध्ये Color Sampler टूल आहे, त्याने बाटलीवर तीन खुणा लावा, एक क्रीम कागदावर, एक लोगोच्या हिरव्यात, एक सिरपच्या मधल्या भागात जिथे चमक नाही. Info पॅनलमध्ये त्यांचे आकडे Lab मध्ये दाखवायला सांगा. L म्हणजे उजळपणा, a म्हणजे हिरव्याकडे की लालकडे, b म्हणजे निळ्याकडे की पिवळ्याकडे. कागदावर लिहून ठेवा. तुमच्याच फोटोत बघा, मूळ लेबल L ९०, a १, b ९ होतं, आणि वॉर्म फिल्टरनंतर ते ८८, ६, २७ झालं. उजळपणा दोनानेच उतरला, पण पिवळेपणा तिप्पट झाला, म्हणून क्रीमचं हळद झालं. मी स्वतःसाठी अशी मर्यादा ठेवलीये की a आणि b दोनतीनपेक्षा जास्त हलले नाही पाहिजेत, L पाचसहा हलला तर चालेल, कारण तीच वस्तू थोड्या कमी उजेडात ठेवली की ती थोडी गडद दिसणं खरंच आहे. हा माझा कामाचा अंदाज आहे, नियमाच्या पुस्तकातला नाही, पण गिऱ्हाइकांना एवढा फरक सहसा जाणवत नाही.

मग तुम्ही म्हणाल की बाटली अशी तटस्थ ठेवली तर पिवळ्या किचनमध्ये ती निळसर, परकी दिसणार. बरोबर, दिसणारच. म्हणून किचनचा पिवळेपणा कमी करायचा. बहिणीला नवीन फोटो काढताना चिमणीचा दिवा आणि वरचे बल्ब बंद ठेवायला सांगा, म्हणजे दोन्हीकडे खिडकीचाच उजेड आणि सत्तर टक्के काम तिथेच होतं. उरलेलं फोटोशॉपमध्ये, सीनमध्ये जे मुळात पांढरं किंवा करडं आहे ते शोधा, टाइल्स, स्टीलचं पातेलं, त्यावरून सीनचा व्हाइट बॅलन्स तटस्थाकडे आणा. पूर्ण नाही हं, थोडी ऊब राहू द्या नाहीतर किचन दवाखान्यासारखं दिसतं. मी साधारण अर्ध्यापर्यंत आणते, मग बाटलीकडे बघते, ती परकी वाटायची थांबली की थांबते.

एवढं करूनही कणभर फरक राहिला तर बाटलीच्या वर एक कोरा लेयर, बाटलीलाच क्लिप केलेला, मोड Soft Light, आणि सीनमधल्या भिंतीचा रंग उचलून मऊ ब्रशने फक्त काचेच्या खिडकीकडच्या कडेवर आणि झाकणावर हलकं फिरवायचं, ऑपॅसिटी दहाच्या आसपास. खऱ्या खोलीत असंच होतं, आजूबाजूच्या वस्तूंचा रंग कडांवर येतो. लेबलवर आणि सिरपच्या मधल्या भागावर ब्रश न्यायचा नाही.

बाटली सीनपेक्षा जास्त उजळ किंवा गडद वाटली तर Curves वापरा, बाटलीला क्लिप करून, पण त्या लेयरचा मोड Normal न ठेवता Luminosity करा. Normal मध्ये कॉन्ट्रास्ट वाढवला की रंगही भडक होतो, लाल तर लगेच. Luminosity मध्ये उजळपणाच हलतो. आणि हे करताना सीनमधली सगळ्यात काळी जागा कुठली ते बघा, ओट्याखालचा अंधार वगैरे, तुमच्या बाटलीचा सगळ्यात काळा भाग त्याहून काळा असेल तर ती पुढे उडी मारून येते. काळं थोडं वर उचला, बसते जागेवर. ही Curves लावल्यावर तिन्ही खुणांचे आकडे परत बघा, Info मध्ये आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी दिसतो.

कटिंगबद्दल थोडक्यात. आपोआप सिलेक्शनवर विसंबू नका, काचेची कड त्याला कळत नाही आणि सरळ रेघ नागमोडी होते. पेन टूलने, कडेच्या एक पिक्सेल आतून, कमीत कमी पॉइंट लावून कापा, आणि बाटली आधी Smart Object करा म्हणजे लहानमोठी करताना मूळ पिक्सेल शाबूत राहतात. लहान करताना रुंदी-उंचीची साखळी कधी तोडू नका. मोठी तर करूच नका, मूळ फोटोत लोगो जितका मोठा आहे त्याहून मोठा लागणार असेल तर जास्त मोठा फोटो काढा. झाकणाखालचा मोकळा गळा मात्र वेगळा हाताळावा लागतो, तिथे काचेतून मागचं दिसलं पाहिजे. तेवढा भाग मास्कमधून काढून टाका, तिथे डमी न दाखवता रिकाम्या ओट्याचा फोटो दाखवा, आणि त्याच भागाच्या दोन प्रती त्यावर ठेवा, एक Multiply मध्ये काचेच्या काळ्या रेघांसाठी आणि एक Screen मध्ये चमकेसाठी. राखाडी पार्श्वभूमी दोन्हीत थोडी उतरते म्हणून Levels ने पहिल्या प्रतीत ती पांढरी आणि दुसऱ्या प्रतीत काळी करून घ्यायची.

डमीच्या वर बाटली ठेवल्यावर तिच्या बुडाशी १००% झूम करून बघा. बूड आणि ओटा जिथे भेटतात तिथे अगदी बारीक, जवळजवळ काळी रेघ असते, दोनचार पिक्सेलची, आणि बाटलीला जागेवर बसवते ती हीच रेघ, लांबची सावली नाही. डमीमुळे ती आहेच, पण तुमच्या बाटलीचा कट जरा खाली आला तर झाकली जाते. तसं झालं असेल तर बाटली दोन पिक्सेल वर सरकवा, किंवा त्या जागी Multiply लेयरवर सीनमधल्याच सावलीचा गडद रंग उचलून बारीक ब्रशने रेघ भरा. शुद्ध काळा वापरू नका, किचनमध्ये कुठलीच सावली शुद्ध काळी नसते.

सगळं झालं की लोगो आणि आकार खरंच हलले नाहीत ना याची एक पक्की तपासणी आहे. बाटलीच्या Smart Object ची प्रत काढू नका, त्यात ताणलेलंही तसंच येतं; रंग जुळवलेला बाटलीचा मूळ फोटोच पुन्हा आत आणा, साखळी न तोडता तेवढाच लहान करून बरोबर बाटलीवर बसवा, सगळ्यात वर ठेवा, कुठलेही बदल त्याला लागू नसतील असं बघा, आणि मोड Difference करा. दोन गोष्टी एकसारख्या असतील तर तिथे काळं दिसतं. तुम्ही Curves ने उजळपणा बदललाय त्यामुळे लेबल पूर्ण काळं न होता सगळीकडे सारखं मंद राखाडी दिसेल, ते ठीक आहे. पण लोगोच्या अक्षरांच्या कडा उजळ रेघांनी उठून दिसल्या तर समजा कुठेतरी काहीतरी सरकलंय, ताणलंय किंवा ब्रश लेबलवर गेलाय. मंद असल्यामुळे नजरेतून सुटतं म्हणून तात्पुरते Levels टाकून पांढरा स्लायडर ३० च्या आसपास आणा, लपलेलं सगळं वर येतं. मग दोन्ही लेयर उडवून टाका.

शेवटची जागा जिथे रंग मरतो ती म्हणजे सेव्ह करताना. आयफोनचे फोटो Display P3 प्रोफाइलमध्ये येतात, बहिणीचा फोटो तसलाच आहे आणि तुमचा sRGB. फाइल sRGB मध्ये ठेवा, आणि बहिणीचा फोटो वेगळा उघडून Edit मधल्या Convert to Profile ने sRGB केल्यावरच आत आणा. शेजारी Assign Profile असतं त्याला हात लावू नका, ते आकडे तेच ठेवून अर्थ बदलतं आणि रंग उतरतो किंवा भडकतो. एक्सपोर्ट करताना Convert to sRGB आणि Embed Color Profile दोन्हीवर टिक. जेपीजीची क्वालिटी ८० च्या वर ठेवा, कारण जेपीजी रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवू शकतं आणि लाल भाग जिथे लेबलला भिडतो तिथे कड लगेच पसरट होते. आणि लेबल छापणाऱ्याला किंवा वेबसाइटवाल्याला फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो आणि छोटी अक्षरं विरघळतात.

आता लगेच करायचं म्हणाल तर आधी बहिणीला आकडे पाठवा आणि डमीसकट दोन फोटो मागवा, ते आल्यावर त्यातली खिडकी बघून मग तुमची बाटली काढा, उलट्या क्रमाने नको. दोन्ही आले की कापायच्या आधी इथे टाका, ताटली आणि झाकण मी मोजून सांगते.